सभा व्हायला हवी होती तशी

सारांश लिहिणारा माणूस बहुधा फार सभ्य असतो, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. सभेत चारजण एकाच वेळी बोलत होते, निम्मी वाक्ये क्रियापदापर्यंत पोहोचलीच नाहीत, आणि ज्या विषयासाठी मंडळी जमली तो चहा आल्याबरोबर मागे पडला, हे कागदावर उतरवणे त्याच्या जिवावर येते. म्हणून तो ‘सविस्तर चर्चा झाली’ असे लिहितो. कुणी पुटपुटले असेल तर तो त्याला ‘मत मांडायला’ लावतो, कुणी खांदे उडवले असतील तर त्याची ‘सहमती’ नोंदवतो, आणि शेवटी सगळ्यांकडून काहीतरी ‘एकमताने’ ठरवून घेतो. पूर्वी हे खपून जाई, कारण झालेली सभा हवेत विरायची आणि लिहिलेली तेवढी रजिस्टरात राहायची. आता सभेचे रेकॉर्डिंग होते, त्यावरून शब्दशः उतारा म्हणजे ट्रान्सक्रिप्ट निघतो, आणि त्या जाडजूड उताऱ्याचा एक पानाचा सारांश माणूस तरी करतो किंवा संगणक तरी. दोघांचीही सभ्यता सारखीच. मग दोन्ही कागद समोर घेऊन ‘हे खरेच कुणी म्हणाले होते का’ हे पाहायला कुणीतरी बसावे लागते. बसणाऱ्याची समजूत अशी असते, की आपल्याला वेंधळेपणाच्या चुका शोधायच्या आहेत. प्रत्यक्षात त्याला शोधायचे असते सौजन्य. सारांशात घुसलेल्या गोष्टी सहसा विचित्र नसतात. त्या सभेत घडायला हव्या होत्या, आणि फक्त घडल्या नव्हत्या.

नमुन्यासाठी एक सभा रचून पाहू. गृहनिर्माण सोसायटी आहे, वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत उरकायची असल्यामुळे महिना अर्थातच सप्टेंबर आहे, आणि विषय आहे जुनी लिफ्ट बदलण्याचा. उतारा असा:

सचिव: लिफ्टवाल्याचं कोटेशन आलंय. साडेअकराच्या आसपास म्हणतोय. जीएसटी धरून की सोडून, ते विचारायचं राहिलं.
बी-३०४: मागच्या वर्षीपण हेच ऐकलं होतं.
ए-००२: तळमजल्यावाल्यांनी लिफ्टचे पैसे का द्यायचे, असं लोक विचारतात. मी नाही विचारत हं.
खजिनदार: सिंकिंग फंडात आहेत पैसे. पण त्याला हात लावायचा तर सभेचा ठराव पाहिजे.
अध्यक्ष: बरं, अजून एक कोटेशन मागवू. पुढच्या महिन्यात बघू.
(आवाज अस्पष्ट) चहा घ्या.

आणि हा त्याचा सारांश: ‘लिफ्ट बदलण्याच्या विषयावर सविस्तर चर्चा झाली. नामांकित कंपनीकडून ११ लाख ५० हजार रुपयांचे कोटेशन प्राप्त झाल्याची माहिती सचिवांनी दिली. ए-००२ च्या सभासदांनी खर्चात सहभागी होण्यास विरोध दर्शवला. लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचा खर्च, वापर असो वा नसो, सर्व सभासदांना समान द्यावा लागतो, असे सचिवांनी स्पष्ट केले. सिंकिंग फंडातील रक्कम वापरण्याचा प्रस्ताव खजिनदारांनी मांडला. लिफ्ट वारंवार बंद पडत असल्याने ज्येष्ठ नागरिकांची होणारी गैरसोय लक्षात घेऊन काम तातडीने हाती घेण्याचे सभेने एकमताने ठरवले.’

वाचायला काय सुरेख आहे! एकदा वरून नजर फिरवली तर खटकण्यासारखे काहीच नाही. लिफ्ट आहे, कोटेशन आहे, ए-००२ आहे, सिंकिंग फंड आहे. म्हणूनच नजर फिरवणे ही तपासणी नव्हे. तपासणीत पहिले काम म्हणजे प्रत्येक वाक्य फोडून त्यातली विधाने सुटी करायची. कोटेशनचे वाक्य दिसायला एक आहे, पण त्यात चार विधाने दडली आहेत: कोटेशन आले, ते नामांकित कंपनीचे आहे, आकडा ११ लाख ५० हजार आहे, आणि हे सचिवांनी सांगितले. आता एकेक विधान घेऊन उताऱ्यातली त्याची ओळ बोटाने दाखवायची. कोटेशन आले, हे सापडते. सांगणारे सचिवच होते, हेही बरोबर. ‘नामांकित’ मात्र कुठेच नाही. सचिव नुसते ‘लिफ्टवाला’ म्हणाले होते. आकड्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. ‘साडेअकरा’ म्हणजे साडेअकरा लाख, हे धरून चालायला हरकत नाही, कारण साडेअकरा हजारांत लिफ्ट येत नाही आणि साडेअकरा कोटींत सोसायटीच येईल. पण ‘आसपास’ गळाले, आणि जीएसटीची शंकाही गळाली. जीएसटी लिफ्टसारख्या कामात लाखांत जातो. म्हणजे सचिवांनी जे धूसर सांगितले ते सारांशात शेवटच्या हजारापर्यंत पक्के झाले, आणि पुढच्या महिन्यात कुणी ‘तुम्ही तर ११ लाख ५० हजार म्हणाला होतात’ असे विचारले, की ते सचिवांना निस्तरावे लागेल.

ए-००२ चे प्रकरण याहून वाईट आहे. त्या सभासदाने लोकांचा प्रश्न सभेपुढे ठेवला आणि लगेच हात वर करून सांगितले, की तो आपला नाही. सारांशाने लोकांना वगळले आणि त्यांचा विरोध त्याच्याच नावावर चढवला. नाव चुकण्याचा हाच सर्वांत फसवा प्रकार असतो: शब्द खरोखर त्याच्याच तोंडून निघालेले असतात, त्यामुळे उताऱ्यात ओळ सापडते, आणि तपासणारा समाधानाने खूण करून पुढे जातो. खजिनदारांचेही तसेच. त्यांनी सांगितली ती अट होती, सारांशात तिचा प्रस्ताव झाला. उताऱ्यात ‘सिंकिंग’ शब्द शोधून पाहिला तर तो अगदी खजिनदारांच्याच ओळीत सापडेल. म्हणून शब्द शोधण्यावर थांबणाऱ्याला ही चूक कधीच दिसणार नाही. ओळ सापडल्यावर ती पूर्ण वाचायची आणि तीन गोष्टी विचारायच्या: हे कुणाचे म्हणणे आहे, नेमके काय म्हटले आहे, आणि किती खात्रीने म्हटले आहे. तिसरा प्रश्न लोक विसरतात. ‘बघू’ आणि ‘ठरवले’ यांत जे अंतर आहे, त्यावर महाराष्ट्रातल्या कित्येक इमारतींची गळती अजून टिकून आहे.

मग येते सगळ्यांत गोड चूक. लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचा खर्च वापर असो वा नसो सर्वांना समान, हा सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमधला खराच नियम आहे. तळमजल्याची तक्रार निघाली की हे उत्तर देणे कुणाही जाणत्या सचिवाचे कामच. सारांश लिहिणाऱ्याला नियम ठाऊक होता, सचिवांनाही ठाऊक असणार असे त्याने गृहीत धरले, आणि उत्तर त्यांच्या तोंडी घातले. इथे तपासणारा हमखास अडखळतो, कारण विधान खरे आहे. पण तपासायचे काय आहे, हे विसरून चालत नाही. जगात काय खरे आहे याचा हा निवाडा नाही. या सभेत काय बोलले गेले, एवढाच प्रश्न आहे. सचिव त्या क्षणी गप्प होते. उद्या वाद झाला तर ‘सभेत नियम स्पष्ट केला होता’ असे हा कागद सांगेल, आणि तो ऐकलेला एकही सभासद सापडणार नाही. ज्येष्ठ नागरिकांची गैरसोयही याच जातीची. लिफ्ट जुनी म्हणजे ती बंद पडत असणार, बंद पडते म्हणजे ज्येष्ठांचे हाल होत असणार. तर्क निर्दोष आहे, फक्त त्यातले एक अक्षरही कुणी उच्चारलेले नाही. निर्णय झाला नाही म्हणून कारणही नव्हते. सारांशाने आधी निर्णय दिला आणि मग तो उघडा दिसू नये म्हणून त्याला कारण नेसवले.

चुका कुठे राहतात ते एकदा कळले, की शोधणे सोपे होते. ‘सांगितले’ या साध्या क्रियापदाऐवजी ‘स्पष्ट केले’, ‘आग्रह धरला’, ‘नाराजी व्यक्त केली’ असे काही आले, की थांबावे. त्यात बोलणाऱ्याच्या मनःस्थितीबद्दल एक जादा विधान फुकट आलेले असते. ‘लक्षात घेऊन’, ‘पार्श्वभूमीवर’, ‘त्यामुळे’ हे शब्द दिसले, की कारण कुणी दिले ते विचारावे; लोक कारणे क्वचित देतात, सारांश मात्र नेहमी देतो. विशेषण दिसले की त्याचा मालक शोधावा. ‘एकमताने’ दिसले तर मते मोजली होती का ते पाहावे. आपल्या नमुन्यात तर ती मागितलीसुद्धा नव्हती. आणि ज्या वाक्यात सभा खऱ्या सभेपेक्षा शहाणी, शिस्तीची आणि तडफदार दिसते, ते वाक्य सर्वांत आधी तपासावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: एवढा कीस कशाला काढायचा? मथितार्थ बरोबर असला की झाले. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि त्याचे उत्तर द्यायला आपली लिफ्ट अपुरी आहे. त्यासाठी अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये जावे लागते. जून १९७३ मध्ये अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे माजी विधी सल्लागार जॉन डीन यांनी वॉटरगेट प्रकरणी सिनेटच्या समितीपुढे २४५ पानांचे निवेदन वाचले. महिनोन्‌महिन्यांपूर्वीच्या बैठकांत कोण काय म्हणाले हे ते इतक्या बारकाव्याने सांगत होते, की पत्रकारांनी त्यांना चालताबोलता टेपरेकॉर्डरच ठरवले. पुढच्याच महिन्यात उघड झाले, की निक्सन यांच्या कार्यालयात खराखुरा टेपरेकॉर्डरही चालू होता. सारांश आधी जाहीर झाला होता, त्याचा उतारा मागून हाती आला. मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी १९८१ मध्ये हे दोन्ही शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून पाहिली, आणि इतकी नमुनेदार तपासणी क्वचितच कुणाच्या वाट्याला आली असेल.

१५ सप्टेंबर १९७२ ची बैठक घ्या. त्याच दिवशी वॉटरगेटच्या घरफोडीबद्दल सातजणांवर आरोप निश्चित झाले होते आणि त्याहून वरच्या कुणाचे नाव त्यांत नव्हते. डीन यांच्या निवेदनानुसार अध्यक्षांनी त्यांना बसायला सांगितले. तुमच्या कामगिरीची खबर प्रमुख सहायक हाल्डमन आपल्याला देत होते असे म्हटले. काम छान केलेत, ते किती अवघड होते याची कल्पना आहे, अशी शाबासकी दिली. आणि प्रकरण त्या सातांतल्या लिडी यांच्यापाशी थांबले याबद्दल समाधान दाखवले. यावर आपण नम्रपणे म्हणालो, असे डीन सांगतात, की श्रेय माझे एकट्याचे नाही. टेपवर यातले काय आहे? ‘बसा’ नाही. हाल्डमन खबर देत होते, हे नाही. लिडींबद्दलचे समाधान नाही. श्रेय नाकारणारी नम्रता तर नाहीच. कौतुक आहे, पण ते या जागी नाही, संभाषणात बरेच पुढे येते. आता ही यादी आपल्या नमुन्याशेजारी ठेवा. कुणी भेटायला आले की ‘बसा’ म्हणायचे असते, काम झाले की शाबासकी द्यायची असते, आणि शाबासकी मिळाली की ‘माझे एकट्याचे कसले’ म्हणायचे असते. नायसर यांचा निष्कर्षही असाच होता, की डीन यांनी झालेली बैठक सांगितली नाही, व्हायला हवी होती ती सांगितली.

तरीही डीन यांचा मथितार्थ बरोबर होता, आणि हे नायसर यांनी स्वतःच ठासून मांडले आहे. प्रकरण दडपले जात आहे हे निक्सन यांना माहीत होते, ही डीन यांची मूळ गोष्ट टेपांनी खरी ठरवली. मग आक्षेप घेणारा जिंकला का? निक्सन यांना माहीत होते का, एवढाच प्रश्न असेल तर हो, जिंकला. पण त्याच बैठकीत स्वतः डीन काय म्हणाले, असा प्रश्न आला की पारडे फिरते. निवेदनात ते सांगतात, की हे प्रकरण संपायला अजून फार अवकाश आहे आणि पुढेमागे ते उलगडणार नाही याची आपण हमी देऊ शकत नाही, असा इशारा आपण दिला. टेपवर ते जवळजवळ उलटे बोलतात: आजपासून ५४ दिवसांनी, म्हणजे निवडणुकीच्या सुमारास, आपल्याला चकित करील असे काहीही कोसळणार नाही. दिलेल्या दिलाशाचा आठवणीत इशारा झाला, आणि इशारा देणारा माणूस अर्थातच अधिक शहाणा दिसतो. मथितार्थ एका प्रश्नापुरता बरोबर असतो, आणि सारांश वाचणारा कोणता प्रश्न घेऊन येणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. सोसायटीत एकाला लिफ्ट बदलायची आहे की नाही एवढेच हवे असते. ए-००२ ला मात्र आपण विरोध केला असे कागदावर का आले, ते हवे असते. आणखी एक गोष्ट इथून घेण्यासारखी आहे. सभेत हजर असलेला माणूस तपासायला सर्वांत अयोग्य. त्याला उतारा वाचावासा वाटत नाही, कारण त्याला ‘आठवतेच’.

दुसरा आक्षेप अधिक चतुर असतो: उतारा तरी कुठे देवाने लिहिलेला आहे? बरोबर आहे. निक्सन यांनी एप्रिल १९७४ मध्ये बाराशेहून अधिक पानांचे उतारे स्वतःच्या कार्यालयात तयार करवून प्रसिद्ध केले. त्यांत ‘अपशब्द वगळला’ अशी टीप इतक्यांदा आली, की तिचीच थट्टा झाली. पुढे प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने त्याच टेपा ऐकून आपले उतारे काढले, तेव्हा व्हाइट हाउसला जिथे आवाज अस्पष्ट वाटला होता तिथे समितीला शब्द ऐकू आले. २२ मार्च १९७३ च्या संभाषणात निक्सन सहकाऱ्यांना दडपादडपी करा, काय वाटेल ते करा अशा अर्थाचे जे बोलले, ते समितीच्या उताऱ्यात आहे आणि व्हाइट हाउसच्या उताऱ्यात नाही. सोसायटीच्या उताऱ्यात अशी कारस्थाने नसतील, पण यंत्राने ‘साडेअकराच्या आसपास’ याचे घड्याळातले ११:३० करून ठेवणे, किंवा शेजारी बसलेल्या दोन काकूंना एकच वक्ता समजणे, हे सहज होऊ शकते. म्हणून जिथे पैसा, दोष किंवा मत कुणाच्या नावावर लागते, तिथे उताऱ्यावरही न थांबता रेकॉर्डिंगमधले ते अर्धे मिनिट ऐकावे. बाकी ठिकाणी उतारा पुरे. अस्पष्ट जागा दिसली की ती अस्पष्टच ठेवावी. चहाच्या गलक्यात सभेने काय ठरवले असेल याचा अंदाज बांधणे हे सारांशाचे काम नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक. प्रत्येक विधानाला ओळ लावत बसलो तर सारांश वाचवतो तेवढा वेळ तपासणीतच जाईल. पण तपासायचा असतो एक पानाचा सारांश, आख्खा उतारा नव्हे; त्या पानावर विधाने मोजकीच असतात, आणि नावे, आकडे, निर्णय, कारणे या क्रमाने गेले तर घातक चुका पहिल्या फेरीतच हाती लागतात. ही तपासणी एक गोष्ट पकडत नाही, हे मात्र मान्य करावे लागते: जे सारांशात आलेच नाही, त्याला फोडायला विधानच नसते. बी-३०४ चे ‘मागच्या वर्षीपण हेच ऐकलं होतं’ हे वाक्य आपल्या सारांशातून अलगद गायब झाले आहे, आणि सबंध सभेतले तेच कदाचित सर्वांत माहितीपूर्ण वाक्य होते. त्यासाठी एकदा उलट दिशेने, उताऱ्याकडून सारांशाकडे, वाचावे लागते. ते काम वेगळे आहे आणि वेगळ्या बैठकीत केलेले बरे, नाहीतर माणूस एका डोळ्याने घुसलेले शोधतो, दुसऱ्याने गळालेले, आणि दोन्ही निसटतात.

खरी अडचण वेळेची नसतेच. दुरुस्त सारांश कुणालाच नको असतो, ही असते. आपल्या सभेचा असा होईल: ‘लिफ्टसाठी सुमारे साडेअकरा लाखांचे कोटेशन आल्याचे सचिवांनी सांगितले, त्यात जीएसटी आहे का, ते विचारलेले नाही. हेच गेल्या वर्षीही ऐकले होते, असे बी-३०४ म्हणाले. तळमजल्यावाल्यांनी लिफ्टचे पैसे का द्यावेत असे लोक विचारतात, पण हा प्रश्न आपला नाही, असे ए-००२ यांनी सांगितले. सिंकिंग फंड वापरायला सभेचा ठराव लागेल, असे खजिनदार म्हणाले. दुसरे कोटेशन मागवून पुढच्या महिन्यात पाहू, असे अध्यक्ष म्हणाले. निर्णय झाला नाही.’ यात अध्यक्षांची तडफ गेली, सचिवांचा नियमांचा अभ्यास गेला, खजिनदारांचा पुढाकार गेला आणि सभेचे एकमतही गेले. चुकीच्या सारांशात जवळजवळ प्रत्येकाचा थोडा फायदा झालेला होता, म्हणून वाचताना सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. तक्रार करायला एकटे ए-००२ उरले असते, आणि त्यांची तक्रार पुढच्या सभेच्या सारांशात कुणीतरी ‘ए-००२ च्या सभासदांनी पुन्हा एकदा तीव्र विरोध नोंदवला’ अशी लिहिली असती.